साक्षीदार अडखळला असेल तर भाषांतरही अडखळू द्या : इंदूरच्या अभिभाषकांना खुले पत्र

प्रति,
इंदूर जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठासमोर काम करणारे सर्व अभिभाषक, आणि त्यांच्यासाठी मराठी साक्षींचे हिंदी भाषांतर करणारे माझे सहकारी

विषय : प्रश्नोत्तर स्वरूपातील साक्षींचे भाषांतर

सप्रेम नमस्कार.

इंदुरातल्या अनेक मराठी घरांचे एक पाऊल अजून महाराष्ट्रात आहे. खानदेशात किंवा नाशिककडे वडिलोपार्जित घर असते, शेत असते, आणि त्यावरून कधीतरी तिथल्या न्यायालयात दावा चाललेला असतो. त्याच कुटुंबाचा इंदूरच्या घरावरून इथे वाद उभा राहिला की तिथल्या जुन्या साक्षींच्या प्रमाणित नकला मागवल्या जातात आणि त्या हिंदीत करून दाखल केल्या जातात. हे काम मी करते. अलीकडे एका कार्यालयाने माझे भाषांतर परत पाठवले. त्यावर शेरा होता की भाषा अडखळते, वाक्ये अर्धवट आहेत, ती नीट करून द्यावीत. अशी मागणी एकाच ठिकाणाहून येते असे नाही, आणि ती करणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असेही मी मानत नाही. न्यायाधीशांपुढे स्वच्छ कागद ठेवावा असेच त्यांना वाटत असते. तरीही ही मागणी मान्य करता येत नाही. का, ते मी एका उताऱ्याच्या आधारे सांगते.

प्रथम या कागदाचे स्वरूप पाहावे. दिवाणी दाव्यात साक्ष सहसा निवेदनाच्या रूपात लिहिली जाते. वकिलाचा प्रश्न आणि साक्षीदाराचे उत्तर एकत्र होऊन ‘हे म्हणणे खरे नाही की...’ असे एक वाक्य तयार होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १० प्रमाणे मात्र विशेष कारण असेल तर न्यायालय एखादा प्रश्न आणि त्याचे उत्तर जसेच्या तसे नोंदवून घेऊ शकते. सत्र न्यायालयातही साक्ष साधारणपणे निवेदनरूपात घ्यावी, पण तिचा कोणताही भाग प्रश्नोत्तर स्वरूपात घेण्याची मुभा न्यायाधीशांना आहे. पूर्वी ही तरतूद फौजदारी संहितेच्या कलम २७६ मध्ये होती, आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३११ मध्ये आहे. म्हणून मराठी नकलेत मध्येच ‘प्रश्न’ आणि ‘उत्तर’ अशी मांडणी सुरू झालेली दिसली, तर या ठिकाणी शब्द महत्त्वाचे आहेत असे तिथल्या न्यायाधीशांनी त्या वेळी ठरवले होते असे समजावे. त्याच भागाची वाक्ये सरळ करणारा भाषांतरकार न्यायालयाने विचारपूर्वक जपलेली गोष्ट काढून टाकत असतो.

दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, हेही ध्यानात घ्यावे. ते प्रतिज्ञापत्र वकिलाच्या कार्यालयात तयार होते, त्यामुळे त्याची भाषा गुळगुळीत असते आणि तशीच असणार. साक्षीदाराची स्वतःची बोली, त्याचा संकोच, स्वतःलाच केलेली दुरुस्ती, हे सगळे पहिल्यांदा उलटतपासणीत ऐकू येते. तिलाही प्रतिज्ञापत्राची भाषा दिली, तर साक्षीदार स्वतः कागदावर उरतच नाही.

आता उतारा. तो मी या पत्रासाठी रचला आहे, कोणत्याही खऱ्या प्रकरणातला नाही. पण अशी उत्तरे नकलांमध्ये नेहमी आढळतात. वाद मृत्युपत्राचा आहे आणि साक्षीदार हा त्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणारा शेजारी आहे. ‘नानांनी माझ्या समक्ष सही केली’ असे त्याने प्रतिज्ञापत्रात म्हटले आहे. उलटतपासणी अशी :

प्र. ११ : मृत्युपत्रावर नानांची सही झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?
उ. : तिथेच होतो. म्हणजे... घरातच होतो, ओसरीवर.

प्र. १२ : सही होताना तुम्ही पाहिली का?
उ. : पाहिली... नाही. सही आत झाली असेल.

प्र. १३ : म्हणजे सही होताना तुम्ही पाहिली नाही?
उ. : (साक्षीदार थोडा वेळ गप्प राहतो.) हो.

प्र. १४ : मग तुम्ही साक्षीदार म्हणून सही कशी केली?
उ. : कागद दाखवला. सही झाली म्हणे, आता तुम्ही करा. मग केली.

प्र. १५ : नानांचे हस्ताक्षर तुम्ही ओळखता का?
उ. : हस्ताक्षर त्यांचंच वाटतं. सहीचं सांगता येणार नाही.

या उत्तरांवर काय अवलंबून आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तरी भाषांतरकार सहकाऱ्यांसाठी सांगते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांतल्या प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे लागते, किंवा ‘ही माझी सही आहे’ अशी कबुली खुद्द त्याच्याकडून मिळालेली असावी लागते. शिवाय साक्षीदाराने आपली सही त्याच्या समोर करावी लागते. म्हणजे या शेजाऱ्याने सही होताना पाहिली नसली, तरी नानांनी स्वतः त्याला सांगितले असेल तर मृत्युपत्र टिकू शकते. दुसऱ्या कोणी सांगितले असेल, तर या साक्षीदाराच्या बळावर ते टिकवणे अवघड होते.

‘स्वच्छ’ भाषांतरात प्र. १२ चे उत्तर बहुधा असे येईल : ‘मैंने हस्ताक्षर होते नहीं देखे। हस्ताक्षर कमरे में हुए।’ वाचायला अगदी सोपे. पण मराठीत नकार क्रियापदाच्या मागून येतो. साक्षीदार ‘पाहिली’ म्हणाला, थांबला, आणि मग ‘नाही’ म्हणाला. तो ‘पाहिली नाही’ हे सांगताना अडखळला, की ‘पाहिली’ असे सांगून मग त्याने ते मागे घेतले, हे नकलेवरून ठरत नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. हिंदीत ‘नहीं’ क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे सहज लिहिलेल्या हिंदी वाक्यात तो ‘पाहिली’ नाहीसाच होतो. ‘देखे... नहीं।’ असे लिहिले तर हिंदी कानाला किंचित खटकते, पण मराठीत घडले तेवढेच तिथे घडते. पुढचे ‘झाली असेल’ हे ‘हुए होंगे’ होते. ते ‘हुए’ झाले तर अंदाजाची माहिती होते. उलट, भाषांतरकाराने सावधगिरी म्हणून ‘शायद’ जोडला तर साक्षीदाराने व्यक्त केली त्याहून जास्त शंका कागदावर येते. ‘शायद’ हा शब्द ‘कदाचित’साठी राखून ठेवावा. ‘कमरे में’ हे तर साक्षीदाराने म्हटलेलेच नाही. त्याने फक्त ‘आत’ म्हटले आहे.

प्र. १३ चे ‘हो’ हेही असेच. प्रश्न नकारार्थी आहे. ‘हो’ म्हणजे ‘हो, पाहिली नाही’ असे असू शकते, आणि प्रश्नाला विरोध करणारे ‘हो, पाहिली की’ असेही असू शकते. पहिला अर्थ अधिक संभवतो असे मलाही वाटते, पण माझे वाटणे साक्षीत यायला नको. हिंदीत इथे काहीच कष्ट नाहीत, नुसते ‘हाँ’ लिहिले की काम होते. तरीही ‘हाँ, नहीं देखे’ अशी दोन शब्दांची भर घातलेली भाषांतरे मी पाहिली आहेत. वकिलाने तिथेच ‘हो म्हणजे काय?’ असे विचारून घेतले असते तर खुलासा झाला असता. त्यांनी विचारले नाही, आणि ती उणीव भाषांतरात भरून काढता येत नाही. कंसातल्या मौनाचेही तसेच. ‘थोडा वेळ’ म्हणजे ‘थोड़ी देर’. ‘काफी देर’ नाही, आणि हा कंस वगळण्याचा तर प्रश्नच येत नाही. साक्ष देताना साक्षीदार कसा वागतो याविषयी महत्त्वाचे वाटेल ते नोंदवण्याचा अधिकार न्यायालयाला आदेश १८, नियम १२ ने दिला आहे. ती नोंद न्यायाधीशांची आहे.

सर्वांत जास्त जपायचे ते प्र. १४ चे उत्तर. ‘कागद दाखवला’ : कोणी? ‘सही झाली म्हणे’ : कोण म्हणाले? मराठीत कर्ता गाळला आहे. ‘दाखवला’ हे रूप ‘कागद’ या शब्दाप्रमाणे चालते, त्यामुळे दाखवणारा पुरुष की स्त्री हेही कळत नाही. आणि ‘म्हणे’ हा शब्द तर समोरच्या माणसाचे बोलणे सांगायलाही वापरतात आणि कानोकानी आलेली गोष्ट सांगायलाही वापरतात. भाषांतरकाराने वाक्य पूर्ण करण्याच्या ओघात ‘उन्होंने मुझे कागज़ दिखाया और कहा कि हस्ताक्षर हो गए हैं’ असे लिहिले, की ‘उन्होंने’ म्हणजे नाना असेच वाचणारा धरून चालतो, कारण वरचे सगळे प्रश्न नानांविषयी आहेत. एका सर्वनामाने कलम ६३ मधली कबुली पुरी होते. साक्षीदाराने ती दिलेली नाही. नाकारलेलीही नाही. मी हे उत्तर असे लिहीन : ‘कागज़ दिखाया। दस्तखत हो गए कहा, अब आप करो। फिर किए।’ आणि पानाच्या तळाशी, चौकोनी कंसात, एक टीप देईन : [मूळ में ‘म्हणे’, दिखाने वाले या कहने वाले का उल्लेख नहीं]. हिंदीतही कर्ता गाळता येतो, ही सोय इथे वाया घालवू नये.

प्र. १५ मध्ये धोका उलट्या बाजूने आहे. मराठीत ‘हस्ताक्षर’ म्हणजे अक्षराचे वळण, तर हिंदीत ‘हस्ताक्षर’ म्हणजे सही. दोन्हीकडे एकच शब्द ठेवला तर साक्षीदार आधी सही ओळखतो म्हणतो आणि लगेच सहीचे सांगता येणार नाही म्हणतो असे दिसते. म्हणजे त्याने न केलेली विसंगती त्याच्या माथी बसते. मग ती विचित्र वाटते म्हणून कोणीतरी दुसरे वाक्यच गाळून टाकते. ‘लिखावट उन्हीं की लगती है। दस्तखत का नहीं बता सकता।’ असे केले की दोन्ही वाक्ये आपापल्या जागी उभी राहतात. ‘लगती है’ इथेही तसेच ठेवायचे, ‘है’ करायचे नाही. ‘सांगता येणार नाही’, ‘आठवत नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत आणि हिंदीत त्यांना ‘नहीं बता सकता’, ‘याद नहीं’ आणि ‘पता नहीं’ असे तीन वेगळे प्रतिशब्द तयार आहेत. ज्याला आठवत नाही त्याला कधीतरी माहीत होते, हा मुद्दा आपण उलटतपासणीत नेहमी वापरता. तिन्हींना सरसकट ‘पता नहीं’ केले की तो मुद्दा हातचा जातो.

आता समजा, हाच शेजारी इंदूरच्या दाव्यात पुन्हा साक्षीला उभा राहिला आणि या वेळी म्हणाला की नानांनी स्वतः मला कागद दाखवला. जुन्या साक्षीने त्याला खोडून काढायचे असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ प्रमाणे, म्हणजे पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे, त्या कागदातल्या ज्या भागाने त्याला खोडायचे आहे नेमक्या त्याच भागाकडे त्याचे लक्ष वेधावे लागते. गुळगुळीत केलेल्या हिंदी भाषांतरात तो भाग शिल्लकच नसतो. तिथे ‘उन्होंने’ आधीच बसलेला असतो आणि दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळतात. दुसऱ्या पक्षाच्या वकिलाने मराठी मूळ प्रत काढून दाखवली, तर भाषांतरावरचा विश्वास जातो आणि भाषांतर दाखल करणाऱ्या पक्षालाही त्याची झळ बसते. विसंगती आपल्या पक्षाला अडचणीची असते तेव्हाही हे लागू आहे. साक्षीदाराला फेरतपासणीत खुलासा करण्याची संधी असते. खुलाशाची जागा ती आहे.

लांबच्या पानांमधल्या विसंगतीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पान ३ वर साक्षीदार ओसरीवर होता आणि पान ७ वर तो ओट्यावर होता असे म्हणत असेल, तर दोन्हीचा ‘बरामदा’ करू नये. ओसरी छपराखाली, घराला लागून असते. ओटा दाराबाहेर, उघड्यावर असतो. ओसरीवरून आतली खोली दिसू शकते, ओट्यावरून कदाचित दिसणार नाही. साक्षीदाराने सहज शब्द बदलला असेल किंवा जागाच बदलली असेल. त्यासाठी नियम असा की मूळ शब्द दोन असतील तर भाषांतरातही दोन हवेत आणि मूळ शब्द एकच असेल तर सर्वत्र एकच हवा. मी ‘ओसरी’साठी ‘बरामदा’ आणि ‘ओटा’साठी ‘चबूतरा’ वापरते आणि पहिल्यांदा आला तिथे मूळ शब्द चौकोनी कंसात देते.

खुणांचीही शिस्त लागते. गोल कंस मूळ नकलेतले, म्हणजे न्यायालयाचे. चौकोनी कंस फक्त भाषांतरकाराचे. तीन टिंबे मूळ नकलेत असतील तिथेच, आणि असतील तितक्या वेळा. साक्षीदार घाबरला असेल असे वाटून आपण टिंबे वाढवू नयेत. मूळ नकलेत टिंबेच नसतील, तर टंकलेखकाने ती गाळली असतील असा तर्कही करू नये. आपण कागदाचे भाषांतर करतो, त्या दिवशीच्या आवाजाचे नाही, आणि ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. मूळ पानाचा क्रमांक समासात द्यावा आणि प्रश्नांचे क्रमांक मूळ नकलेतलेच ठेवावेत, म्हणजे ज्या भागाकडे लक्ष वेधायचे तो दोन्ही प्रतींत सापडतो.

तयार भाषांतर गुळगुळीत झाले आहे का, हे मराठी न येणाऱ्या वकिलालाही बऱ्याच अंशी ओळखता येते. उलटतपासणीतली उत्तरे पाहावीत. जवळजवळ प्रत्येक उत्तर कर्ता, कर्म, क्रियापद असलेले पूर्ण वाक्य असेल आणि त्यात प्रश्नातलेच शब्द परत आलेले असतील, तर संशय घ्यावा. माणसे अशी उत्तरे देत नाहीत. मग मराठी येणाऱ्या कोणालाही मूळ प्रत देऊन तीत ‘म्हणे’, ‘असेल’, ‘वाटतं’, ‘बहुतेक’, ‘म्हणजे’, ‘ना’ हे शब्द आणि एकटी ‘हो’, ‘नाही’ पेन्सिलने गोल करायला सांगावे. प्रत्येक गोलासमोर हिंदीत काहीतरी आहे का, एवढेच तपासायचे. दहा-बारा पानांच्या साक्षीला यासाठी फार वेळ लागत नाही. माझे सहकारी हे स्वतःच करू शकतात, आणि शक्य असेल तर एकाने मूळ मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने हिंदीवर बोट ठेवून ऐकावे. गाळलेला शब्द डोळ्याला दिसत नाही, पण असे वाचले की तो लगेच कानाला कळतो.

माझ्या विनंत्या थोड्या आहेत. पूर्ण साक्ष भाषांतराला द्यावी, निवडक पाने देऊ नयेत. ‘तिथेच होतो’ मधले ‘तिथे’ म्हणजे कुठे, हे कित्येकदा दोन पाने आधी सांगितलेले असते. आपण कोणत्या पक्षाकडून आहात, हे भाषांतरकाराला सांगू नये. त्याला त्याची गरज नसते. चौकोनी कंसातल्या टिपा पसारा समजून काढून टाकू नयेत. युक्तिवादासाठी वाचायला सोपा मजकूर हवा असेल तर तो जरूर करून घ्यावा, मीही करून देते, पण त्यावर ‘सारांश’ असे लिहिलेले असावे आणि तो ‘सत्य अनुवाद’ म्हणून जोडला जाऊ नये. आणि प्रकरण खंडपीठात गेल्यावर इंग्रजी प्रत लागली, तर ती हिंदीवरून न करता मराठी मूळ नकलेवरूनच करून घ्यावी. अपिलात न्यायाधीशांनी साक्षीदाराला पाहिलेले नसते, आणि इंग्रजीत ‘नाही’ आणखी पुढे सरकतो, कर्ता तर बहुतेक वेळा लिहावाच लागतो. तिथे ‘कागद दाखवला’ याचे कर्मणी रूप करून ‘कोणी’ हा प्रश्न उघडा ठेवता येतो. पण भाषांतरकारापुढे फक्त ‘उन्होंने’ लिहिलेली हिंदी प्रत असेल, तर असा प्रश्न होता हे त्याला कळणारच नाही.

कळावे.

आपली नम्र,
एक मराठी-हिंदी न्यायालयीन भाषांतरकार
रामबाग, इंदूर